निफ्टीचे ऑप्शन विकताना मिळणारा ‘भीतीचा भाव’: व्हेरियन्स रिस्क प्रीमियम आणि तो स्वतः तपासण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धरमपेठेतल्या एका घराच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण बसतो. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी कॉलेजात शिकवणारा, दोघं पूर्णवेळ ट्रेडिंग करणारे. ‘ऑप्शन विकणाऱ्याला दीर्घकाळात पैसा मिळतो’ हे वाक्य तिथे इतक्या वेळा ऐकलं की एक दिवस ते वहीत मांडून तपासायचं ठरवलं. ती वही पाहून लोक जे प्रश्न पाठवत राहिले, त्यांची ही उत्तरं. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हेरियन्स रिस्क प्रीमियम म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

ऑप्शनच्या भावात पुढच्या चढउताराचा एक अंदाज दडलेला असतो. तो म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, आपल्या बोलण्यात ‘आयव्ही’. बाजार नंतर प्रत्यक्षात जितका हलतो ती रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी, म्हणजे ‘आरव्ही’. आज निफ्टीचे ऑप्शन १५ टक्के आयव्हीने विकले गेले आणि पुढच्या महिन्यात बाजार १२ टक्क्यांच्या दरानेच हलला, तर विकणाऱ्याने चढउतार महाग विकला आणि स्वस्तात निभावला.

व्होलॅटिलिटीचा वर्ग म्हणजे व्हेरियन्स. दोन्हींचा वर्ग करून वजाबाकी केली, १५ चा वर्ग २२५ वजा १२ चा वर्ग १४४, की ८१ उरतात. एका महिन्याची ही वजाबाकी म्हणजे त्या महिन्याचा नफा किंवा तोटा. अनेक वर्षांची सरासरी काढल्यावर ती शून्याच्या वर राहत असेल, तर त्या सरासरीला व्हेरियन्स रिस्क प्रीमियम म्हणायचं. एक महिना फायद्यात गेला म्हणून ‘प्रीमियम आहे’ असं सिद्ध होत नाही, आणि एक महिना बुडाला म्हणून ‘नाही’ असंही होत नाही.

२. पण समोरचा जास्त पैसे देतोच काहून? तो काय येडा आहे का?

अजिबात नाही. काटोल-वरुडकडचा संत्र्याचा बागायतदार गारपिटीचा विमा घेतो तेव्हा बहुतेक वर्षी हप्ता वाया जातो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो भरतो, कारण गारा पडल्या तर त्याची एकट्याची बाग झोडपली जात नाही, पंचक्रोशीतल्या सगळ्याच बागा झोडपल्या जातात. त्या वर्षी शेजाऱ्याकडून उसने मिळत नाहीत, व्यापारी उचल देत नाही, मजुरांनाही काम नसतं. पैशाची सगळ्यात जास्त गरज नेमकी तेव्हाच असते.

निफ्टीचा पुट विकत घेणारा फंड हाच विचार करतो. एखादा शेअर पडला तर बाकीचे ४९ सावरून घेतात. पण इंडेक्स जोरात पडतो तेव्हा सगळे एकत्र पडलेले असतात आणि सावरायला कोणी उरत नाही. त्या दिवशी हातात आलेला रुपया एरवीच्या रुपयापेक्षा मोलाचा असतो, म्हणून त्यासाठी आधीच जास्त भाव मोजला जातो. पीटर कार आणि लिउरेन वू यांच्या २००९ सालच्या अमेरिकी बाजारावरच्या अभ्यासात हा प्रीमियम शेअर निर्देशांकांवर ठळक दिसला, सुट्या शेअर्सवर मात्र शेअरगणिक वेगवेगळा. गारा एका झाडावर पडत नाहीत, हे लक्षात ठेवलं की त्याचं आश्चर्य वाटत नाही.

यातून एक गोष्ट ओघानेच येते. विकणारा फुकटचा पैसा घेत नाही. विमा कंपनीच्या खुर्चीत बसल्याबद्दलची ती मजुरी आहे. आणि विमा कंपनीला भरपाई कधी ना कधी द्यावीच लागते (प्रश्न ७ आणि १०).

३. वर्ग कशाला करायचा? आयव्ही वजा आरव्ही एवढं पुरे नाही का?

रोजच्या गप्पांना पुरेल, तपासायला नाही. ऑप्शन विकून रोज डेल्टा हेज करणाऱ्याचा, म्हणजे फ्युचर्स घेऊन-विकून दिशेचा धोका झाकणाऱ्याचा, हिशोब बाजाराच्या चालीच्या वर्गावर चालतो. एक टक्क्याच्या चालीने जितकं नुकसान होतं, त्याच्या साधारण चौपट दोन टक्क्यांच्या चालीने होतं. नुसती व्होलॅटिलिटी वजा केली तर मोठ्या तोट्याचे महिने वहीत आहेत त्यापेक्षा सौम्य दिसतात. १५ च्या आयव्हीवर ४५ ची आरव्ही आली तर साध्या वजाबाकीत ३० चा तोटा दिसतो. वर्गात तोच तोटा २०२५ वजा २२५, म्हणजे १८०० येतो. प्रश्न १ मधल्या चांगल्या महिन्याने ८१ कमावून दिले होते. असे बावीस महिने लागतील तो खड्डा भरायला.

४. आयव्ही म्हणून इंडिया व्हिक्स घेतला तर चालेल ना?

चालेल, पण तो काय मोजतो ते माहीत असू द्या. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज हा आकडा निफ्टीच्या नजीकच्या आणि त्यापुढच्या महिन्याच्या ऑप्शनच्या बिड-आस्क भावांवरून काढतं. पुढच्या ३० कॅलेंडर दिवसांसाठी, वार्षिक टक्क्यांत. त्यात फक्त ॲट द मनी स्ट्राइक नसतो. दोन्ही बाजूंचे आउट ऑफ द मनी ऑप्शन, लांबचे पुटही, त्यात मोजले जातात. त्यामुळे व्हिक्सचा वर्ग हा पुढच्या ३० दिवसांच्या एकूण व्हेरियन्सचा बाजारभाव मानता येतो आणि आरव्हीच्या वर्गाशी त्याची थेट तुलना होते.

मात्र लांबचे पुट नेहमी महाग असतात. म्हणून व्हिक्स हा ॲट द मनी आयव्हीपेक्षा बहुधा वर असतो. तुम्ही फक्त ॲट द मनी स्ट्रॅडल, म्हणजे चालू भावाजवळच्या एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट, विकत असाल आणि वहीत व्हिक्स लिहीत असाल, तर जो भाव तुम्हाला मिळालाच नाही तो मिळाला असं मांडत आहात. व्हिक्स १४ आणि तुमच्या स्ट्रॅडलची आयव्ही १२.५ असेल, तर वर्गात १९६ आणि १५६ असा फरक पडतो. प्रश्न १ मधल्या ८१ पैकी निम्मे तिथेच गेले. आमच्या गच्चीवरच्या वह्यांत ही चूक सगळ्यात जास्त सापडली.

५. मी आजचा व्हिक्स आणि मागच्या ३० दिवसांची आरव्ही शेजारी ठेवतो. सगळे चार्ट असेच असतात. चूक काय त्यात?

त्या चार्टमध्ये दोन वेगवेगळे महिने शेजारी ठेवलेले असतात. आजचा व्हिक्स पुढच्या ३० दिवसांबद्दल बोलतो आणि तुमची आरव्ही मागच्या ३० दिवसांची असते. आज विकलेल्या ऑप्शनवर तुम्ही कमावलं की गमावलं, हे मागचा महिना सांगूच शकत नाही.

यातून होणारा घोटाळा एकाच दिशेचा नसतो. बाजार कोसळल्यावर मागची आरव्ही प्रचंड दिसते आणि व्हिक्स तोवर उतरायला लागलेला असतो. चार्ट म्हणतो प्रीमियम उणे झाला, पण त्या दिवशी विकणारा पुढे कदाचित भरघोस कमावणार असतो. उलट कोसळण्याच्या आदल्या दिवशी मागची आरव्ही शांत असते, चार्टवर प्रीमियम भरपूर दिसतो आणि विकणारा दुसऱ्या दिवशी झोपतो. म्हणून तपासताना आजच्या तारखेचा व्हिक्स आजच्याच ओळीत ठेवायचा आणि शेजारी पुढच्या ३० दिवसांची आरव्ही आणायची. ती ओळ पूर्ण व्हायला महिनाभर थांबावं लागतं, त्याला इलाज नाही.

मागची आरव्ही टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. आज विकावं की नाही या निर्णयासाठी ती वापरता येते, कारण आज तेवढीच हातात असते. प्रीमियम होता की नव्हता, याचा निकाल मात्र तिच्यावरून लावू नये.

६. आरव्ही काढायची कशी? २५२ ने गुणायचं की ३६५ ने?

निफ्टीचे रोजचे बंद भाव घ्या. आजच्या भावाला कालच्या भावाने भागून त्याचा नैसर्गिक लॉग काढा. त्याचा वर्ग करा. सुरुवातीच्या तारखेनंतरच्या ३० कॅलेंडर दिवसांत असे जितके वर्ग येतील त्यांची बेरीज करा आणि ३६५ भागिले ३० ने गुणा. टक्क्यांच्या वर्गात हवं असेल तर वर १०,००० ने गुणा. सरासरी परतावा वजा करू नका. वजा केला तर एकाच दिशेने घसरत गेलेला महिना आहे त्यापेक्षा शांत दिसतो, आणि विकणाऱ्याला त्या घसरणीचे पैसे मोजावे लागलेच होते.

२५२ ची रीत चुकीची नाही, पण व्हिक्सचं घड्याळ कॅलेंडरचं आहे. एखाद्या महिन्यात सुट्ट्यांमुळे १८ च सत्रं झाली आणि तुम्ही सरासरी वर्गाला २५२ ने गुणलं, तर बेरजेला प्रत्यक्षात १४ ने गुणल्यासारखं होतं. व्हिक्सच्या हिशोबाने ते साधारण १२.१७ हवं होतं. म्हणजे आरव्हीचा वर्ग तब्बल १५ टक्क्यांनी फुगला. २१ सत्रांच्या महिन्यात दोन्ही रीती जवळजवळ एकच उत्तर देतात, म्हणून ही चूक बरेच दिवस लपून राहते.

७. एखादा खराखुरा महिना मांडून दाखवा ना, भाऊ.

३ जून २०२४ घेऊ, कारण त्या दिवशी मी स्वतः स्ट्रँगल विकून बसलो होतो. एक्झिट पोलनंतरचा तो सोमवार. निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला, इंडिया व्हिक्स २०.९४. निकाल लागला की व्हिक्स पडणार आणि माझे ऑप्शन वितळणार, असा साधा हिशोब होता. २०.९४ चा व्हिक्स महिन्याच्या भाषेत मांडला, म्हणजे १२ च्या वर्गमुळाने भागला, तर साधारण ६ टक्क्यांची चाल होते.

४ जूनला टीव्हीवर मतमोजणी, बाहेर नागपूरचं जूनचं ऊन, आणि निफ्टी २१,८८४.५० वर बंद. घसरण ५.९३ टक्के. महिनाभराची चाल त्याने एका दिवसात उरकली.

आता वही. ४ जूनचा लॉग परतावा उणे ०.०६११, त्याचा वर्ग ०.००३७४. ५ जूनला बाजार २२,६२०.३५ पर्यंत सावरला, पण वर्गाला दिशा कळत नाही. त्याचे ०.००१०९ जमा झाले. ६ जूनचे ०.००००८. ७ जूनला २३,२९०.१५ वर बंद, वर्ग ०.०००४१. मग बाजार एकदम गप्प झाला. १० जून ते ३ जुलै या १७ सत्रांची सगळी मिळून बेरीज अवघी ०.०००२९.

एकूण बेरीज ०.००५६१. गुणिले ३६५ भागिले ३०, टक्क्यांच्या वर्गात सुमारे ६८३, म्हणजे आरव्ही २६.१ टक्के. व्हिक्सचा वर्ग ४३८. विकणाऱ्याच्या पदरात उणे २४५.

गंमत पुढे आहे. या ६८३ पैकी दोन-तृतीयांश वाटा एकट्या ४ जूनचा आहे. आणि जो माणूस ४ जूनच्या बंदला, सगळे पळत असताना, विकायला आला त्याला व्हिक्स २६.७ च्या आसपास मिळाला. त्याचा वर्ग ७१३. त्याच्या वाट्याला ५ जून ते ४ जुलै हा काळ आला आणि आरव्हीचा वर्ग २२८ भरला. त्याला अधिक ४८५. दोघांनी विकलेल्या काळातले २१ पैकी २० दिवस एकच. माझ्याकडे तो एक दिवस जास्त होता, एवढंच.

८. हे सगळं एक्सेलमध्ये हाताने करायचं का?

पहिले दोन महिने हाताने कराच, नाहीतर प्रश्न ५ मधली चूक कधी झाली ते कळतही नाही. पुढे पायथॉनच्या दहा ओळी पुरतात. एका फाइलमध्ये तारीख, निफ्टीचा बंद भाव आणि व्हिक्सचा बंद भाव असे तीन रकाने ठेवा.

```python
import numpy as np, pandas as pd
d = pd.read_csv("nifty_vix.csv", index_col="date",
                parse_dates=True).sort_index()
r2 = (np.log(d["nifty"]).diff() ** 2).fillna(0)
c = r2.cumsum()
w = pd.Timedelta(days=30)
fut = c.reindex(d.index + w, method="ffill")
d["rv"] = (fut.values - c.values) * 365 / 30 * 10000
d["iv"] = d["vix"] ** 2
d["vrp"] = d["iv"] - d["rv"]
d = d[d.index <= d.index[-1] - w]
```

शेवटची ओळ विसरू नका. ती नसेल तर शेवटच्या महिन्याच्या ओळींना पुढचे पूर्ण ३० दिवस मिळालेलेच नसतात, आरव्ही खोटी लहान येते आणि ताजा प्रीमियम दिसायला मस्त दिसतो. चालवल्यावर ३ जून २०२४ ची ओळ उघडा आणि प्रश्न ७ शी ताडून बघा. ६८३ च्या आसपास आकडा आला नाही तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा तारखेत दिवस आणि महिना उलटे वाचले गेलेले असतात.

९. माझ्याकडे दहा वर्षांच्या अडीच हजार ओळी आहेत आणि सरासरी अधिक आली. आता तर सिद्ध झालं?

सरासरी अधिक आली हे ठीक. पण अडीच हजार पुरावे तुमच्याकडे नाहीत. शेजारच्या दोन ओळींत पुढचे जवळजवळ सगळे दिवस तेच असतात. एकच घसरण वीस-एकवीस ओळींत उमटते आणि एकच शांत महिनाही तितक्याच ओळींत. दहा वर्षांत ३० दिवसांचे स्वतंत्र तुकडे साधारण १२२ पडतात. तुमचा पुरावा तेवढाच.

त्यावर साधा उपाय असा. दर महिन्याची एकच तारीख धरा आणि त्या १२० च्या आसपास ओळींवर सरासरी आणि प्रमाणित चूक काढा. मग सुरुवातीची तारीख सरकवून तेच पुन्हा करा. दर महिन्याच्या ३ तारखेने एक उत्तर आणि ४ तारखेने भलतंच उत्तर येत असेल, तर तुमचा निष्कर्ष एक-दोन घटनांवर तोलून धरलेला आहे. प्रश्न ७ मध्ये एका दिवसाने उणे २४५ चे अधिक ४८५ केले, ते आठवा. सगळ्याच ओळी वापरायच्या असतील तर न्यूई-वेस्ट या, एकमेकांवर आलेल्या ओळींची दखल घेणाऱ्या, पद्धतीने प्रमाणित चूक काढा आणि लॅग किमान २१ ठेवा. साध्या सूत्राने आलेला टी-आकडा मात्र कोणाला दाखवू नका.

१०. दहापैकी आठ महिने आयव्ही आरव्हीपेक्षा जास्त असते म्हणतात. मग अजून काय पाहिजे?

कोणत्या दोन महिन्यांत नसते, ते पाहिजे. जिंकलेल्या महिन्यांची मोजदाद या धंद्यात जवळजवळ निरुपयोगी आहे. विमा कंपनीही बहुतेक वर्षी जिंकतच असते.

२३ मार्च २०२० ला निफ्टी ८,७४५.४५ वरून ७,६१०.२५ वर आला. जवळपास १३ टक्के. त्या दिवसाचा लॉग परतावा उणे ०.१३९, वर्ग ०.०१९३. फक्त हा एक दिवस घ्या आणि महिन्यातले बाकीचे सगळे दिवस बाजार जागचा हललाच नाही असं समजा. तरी ३६५ भागिले ३० ने गुणून २,३५२ होतात, आरव्ही ४८.५ टक्के. प्रत्यक्षात तो मार्च महिना बाकीच्या दिवशीही शांत नव्हता. चांगला महिना १०० च्या घरात कमावून देतो असं धरलं, तर एका दिवसाची भरपाई करायला दोन वर्षं लागतात.

म्हणून सरासरीबरोबर दोन गोष्टी पाहा. पहिली, मध्यक. तो सरासरीपेक्षा बराच वर असेल तर तोटे थोडे पण खोल आहेत. दुसरी, सगळ्यात वाईट तीन महिने काढून सरासरी किती वाढते. ती एकदम दुप्पट होत असेल, तर ज्या माहितीत असे महिने नाहीत तिच्यावर कोणी आखलेली योजना तुम्हाला फार देखणी वाटेल. २०२१ पासूनच्याच माहितीवर बेतलेले बरेच आलेख मी पाहिले आहेत. सुरुवातीची तारीख विचारली की समोरचा चहा मागवतो.

११. आरव्ही आयव्हीपेक्षा कमी राहिली, तरी माझ्या स्ट्रॅडलमध्ये तोटा झाला. हे कसं काय?

कारण तुम्ही हेज केलं नाही. निफ्टी २४,००० वर आहे आणि तुम्ही ३० दिवसांचा ॲट द मनी स्ट्रॅडल १३ च्या आयव्हीने विकला, असं समजा. हातात साधारण ७१५ अंक येतात. पुढची वीस सत्रं बाजार रोज अर्धा टक्का वर जातो, एकही दिवस खाली नाही. आरव्ही काढलीत तर ८ च्याही खाली येईल. वहीत प्रीमियम घसघशीत अधिक. पण निफ्टी तोवर २६,५०० च्या पुढे गेलेला असतो आणि तुमचा तोटा सुमारे १,८०० अंकांचा असतो.

आरव्हीला रोजची पावलं दिसतात, ती एकाच दिशेला पडली का हे दिसत नाही. हेज न केलेल्या स्ट्रॅडलला शेवटचं ठिकाणच दिसतं. रोज डेल्टा हेज केला तर दिशेचा बराच धोका निघून जातो आणि हिशोब आयव्ही-आरव्हीच्या जवळ येतो. तरी तंतोतंत जुळत नाही. स्ट्राइकजवळ, एक्स्पायरीच्या तोंडावर झालेली एक टक्क्याची चाल ही स्ट्राइकपासून लांब झालेल्या एक टक्क्यापेक्षा खूप महाग पडते, आणि वहीतली बेरीज मात्र दोन्हींना सारखंच वजन देते. त्यामुळे ‘व्हेरियन्स प्रीमियम आहे’ आणि ‘माझी पोझिशन तो प्रीमियम गोळा करते’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं प्रश्न ८ च्या वहीने तपासता येतं. दुसऱ्यासाठी तुमच्या स्वतःच्या सौद्यांचं खातं लागतं.

१२. व्हिक्स चढल्यावरच विकलं तर?

४ जूनच्या उदाहरणात त्याने काम केलं. मार्च २०२० मध्ये व्हिक्स ३० ला पोचला तेव्हा ज्यांनी ‘आता चढला’ म्हणून विकलं, त्यांच्यापुढे ८० पार व्हायचे होते. व्हिक्स चढला म्हणजे भाव वाढला. पण अपेक्षित चढउतारही वाढलेला असतो, आणि भावातला कुठला हिस्सा प्रीमियमचा ते नुसत्या पातळीवरून कळत नाही.

तपासायचं असेल तर वहीतल्या ओळी व्हिक्सच्या पातळीनुसार चार गटांत वाटा आणि प्रत्येक गटाचा प्रीमियम वेगळा काढा. वरच्या गटात सरासरी मोठी दिसली, तर त्यातले स्वतंत्र प्रसंग किती हे आधी मोजा. ओळी शंभर असतील, पण घटना बहुतेक चार-पाच निघतात (प्रश्न ९).

१३. मी तर दर मंगळवारच्या वीकली ऑप्शनमध्ये काम करतो. ही वही मला लागू आहे का?

जशीच्या तशी नाही. व्हिक्स ३० दिवसांचा आहे आणि तुमचा ऑप्शन चार-पाच सत्रांचा. निकाल किंवा बजेट त्या आठवड्यात असेल तर वीकलीची आयव्ही व्हिक्सच्या कितीतरी वर जाते. एरवी ती खालीही असते. वीकलीसाठी त्याच ऑप्शनची विकतानाची आयव्ही टिपा आणि एक्स्पायरीपर्यंतचीच आरव्ही काढा. चार-पाच वर्गांच्या बेरजेत एक दिवस सगळं ठरवतो, तेव्हा उत्तरं फार उड्या मारतील हे धरूनच चाला.

इथे पाच मिनिटांच्या भावांवरून आरव्ही काढायचा मोह होतो. काढा, पण आदल्या दिवशीच्या बंदपासून आजच्या उघडण्यापर्यंतच्या चालीचा वर्ग त्यात मिळवा. अमेरिकेत रात्री जे घडतं ते आपल्याकडे सव्वानऊला एका झटक्यात येतं. ते वगळलं तर आरव्ही लहान येते आणि रात्रभर पोझिशन ठेवणाऱ्याला प्रीमियम फुगलेला दिसतो.

१४. प्रीमियम खरा असेल तर सेबी ९३ टक्के लोक तोट्यात का दाखवते?

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात वायदे आणि ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालेला दिसला. त्यात ऑप्शन घेणारे, विकणारे, फ्युचर्सवाले सगळे आले. त्यामुळे त्या आकड्यावरून प्रीमियमबद्दल इकडे की तिकडे काहीच ठरत नाही. वहीत खर्च नसतो, एवढं मात्र लक्षात घ्या. विक्रीवर एसटीटी हा कर लागतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो प्रीमियमच्या ०.१ टक्के होता. त्यावर ब्रोकरेज, शुल्क आणि बिड-आस्कमधली फट आली. रोज हेज करणाऱ्याला हेजच्या प्रत्येक सौद्याचा खर्च वेगळा. सरासरी प्रीमियम बारीक असेल तर तो इथेच संपू शकतो.

१५. मुहूर्ताचं सत्र आणि शनिवारची खास सत्रं धरायची की सोडायची?

धरायची. प्रश्न ६ मधली बेरजेची रीत वापरत असाल तर दिवाळीच्या तासाभराच्या सत्राने काही बिघडत नाही, त्याचा छोटासा वर्ग आपला बेरजेत पडून राहतो. सत्रांची संख्या मोजून २५२ ने गुणणाऱ्यांनाच तो तास पूर्ण दिवस धरावा का, ही डोकेदुखी.

शनिवार सोडला तर मात्र खरंच बिघडतं. १ फेब्रुवारी २०२० ला बजेट होतं आणि शनिवार असूनही बाजार चालू होता. निफ्टी ११,९६२.१० वरून ११,६६१.८५ वर आला. सोमवारी तो ११,७०७.९० वर बंद झाला. दोन्ही दिवस धरले तर वहीत सुमारे ८० जमा होतात. तुमच्या माहितीतून तो शनिवार गळला असेल, तर शुक्रवार ते सोमवार अशी एकच चाल उरते आणि तिचे फक्त ५६ होतात. आठवड्याचे वार गृहीत धरून तारखा भरणाऱ्या फाइलींत हे हमखास होतं. २०२५ चं बजेटही शनिवारीच होतं. त्या दोन तारखा आधी शोधून बघा, फाइल विश्वासाची आहे की नाही ते लगेच कळेल.